कॉक्स अडवणारी पेनकिलर: पोट, किडनी आणि रक्त

कॉक्स हे प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम, आणि अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सगळी त्यालाच अडवतात. जॉन व्हेननं हे १९७१ मध्ये दाखवलं. फार्माकॉलॉजीच्या पेपरात मात्र औषधांची यादी कमीच येते, पेशंट येतो, तर तोच घेऊ.

नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास. ६४ वर्षांचे काका, बीपीसाठी रॅमिप्रिल आणि पाण्याची गोळी, हार्टसाठी रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. गुडघा दुखायला लागला म्हणून मेडिकलमधून (इथं मेडिकल म्हणजे दुकान बरं का, मेडिकल चौकातलं हॉस्पिटल नाही) डायक्लोफेनॅक आणून आठवडाभर घेतलं. आता लघवी कमी झाली, शौचाला डांबरासारखं काळं होतंय आणि क्रिएटिनिन १ वरून २.४ वर गेलंय.

काळं शौच म्हणजे वरच्या पोटातलं रक्त. प्रोस्टाग्लँडिनमुळे पोटात म्यूकस आणि बायकार्बोनेट तयार होतं, आतल्या अस्तराला रक्त नीट मिळतं, ते थांबलं की अ‍ॅसिड थेट अस्तराला लागतं. हे रक्तातून होतं, त्यामुळे कोटेड गोळी किंवा इंजेक्शन घेऊनही सुटका नाही. आणि पेनकिलरनं दुखणंच दबतं म्हणून कधीकधी पोट न दुखताच अल्सरमधून रक्त जात राहतं.

किडनीचं गणित सगळ्यात छान आहे. धडधाकट, पाणी भरपूर पिणाऱ्या माणसाची किडनी प्रोस्टाग्लँडिनवर फारशी अवलंबून नसते. पण उन्हानं आणि पाण्याच्या गोळीनं अंगातलं पाणी कमी झालं की ग्लोमेरुलसमध्ये रक्त आणणारी नळी प्रोस्टाग्लँडिनच उघडी ठेवतं, आणि रक्त बाहेर नेणारी नळी अँजिओटेन्सिन आवळून ठेवतं, म्हणून आतलं प्रेशर टिकतं. काकांच्या डायक्लोफेनॅकनं पहिली आवळली, अँजिओटेन्सिन कमी करणाऱ्या रॅमिप्रिलनं दुसरी सैल केली, मग प्रेशर पडलं आणि गाळणंच मंदावलं. लवकर लक्षात आलं, पेनकिलर बंद करून पाणी भरून काढलं, तर हे बहुतेक वेळा सुधारतं. इथेच पोरं फसतात: मुख्यतः कॉक्स-२ प्रकारालाच अडवणारं सेलेकॉक्सिब दिलं असतं तर? पोटाला त्रास कमी झाला असता, पण किडनीत कॉक्स-२ नेहमीच काम करत असतं, त्यामुळे किडनी वाचली नसती.

रक्ताचा मुद्दा अ‍ॅस्पिरिनचा खास. बाकीची औषधं एन्झाइमवर बसतात आणि उठून जातात, अ‍ॅस्पिरिन मात्र त्याच्या सेरीनवर कायमचा अ‍ॅसिटिल गट चिकटवतं. प्लेटलेटला केंद्रकच नाही, नवीन एन्झाइम ती कुठून बनवणार, म्हणून ती मरेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, प्लेटलेटना एकमेकींना चिकटवणारं थ्रॉम्बॉक्सेन बंद. डायक्लोफेनॅकचा असर एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणून काकांचं डायक्लोफेनॅक लगेच बंद, अ‍ॅस्पिरिन थांबवायचं की चालू ठेवायचं हे हार्टचे डॉक्टर ठरवणार, कारण स्टेंट असेल तर ते थांबवणं जास्त महाग पडू शकतं.