जारच्या मानेत मरणारे शुक्राणू

मे महिन्यात मंगळवेढा-सांगोल्याकडे दुपारी पारा ४२ अंशांवर जातो. त्याच वेळी गोठ्याच्या सावलीत ठेवलेल्या जारमध्ये द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. मधे जेमतेम हातभर अंतर आणि फरक २३८ अंशांचा. पंढरपुरी म्हैस माजावर आली, डॉक्टरांनी गोठवलेल्या रेताची कांडी भरली, एकवीस दिवसांनी म्हैस उलटली म्हणजे पुन्हा माजावर आली, की शेतकरी वळूला नाहीतर म्हशीला दोष देतो. पण कधी कधी त्या कांडीतले शुक्राणू म्हशीपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी, जारच्या मानेतच मेलेले असतात. जार उघडणाऱ्यालाही ते कळत नाही, कारण मेलेली कांडी आणि जिवंत कांडी दिसायला अगदी सारखी असते.

उणे १९६ अंशांची थंडी शुक्राणूंना मारत नाही. त्या तापमानाला पेशीतली रासायनिक क्रिया जवळजवळ थांबते, म्हणून नायट्रोजनची पातळी राखलेल्या जारमध्ये कांडी वर्षानुवर्षे टिकते. घात होतो तो वर येताना. गोठवताना पेशीच्या आतबाहेर बर्फाचे कण तयार होतात. ते अतिशय बारीक राहावेत म्हणून रेतात ग्लिसरॉल मिसळलेले असते. ग्लिसरॉलचा हा गुण १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवला. त्यांना हव्या असलेल्या साखरेच्या द्रावणाऐवजी लेबलांच्या घोटाळ्यात ग्लिसरॉलची बाटली हाती आली होती, आणि त्यातून आजचे गोठीत रेत उभे राहिले. पण हे बारीक कण कायम बारीक राहत नाहीत. तापमान उणे १३० अंशांच्या वर सरकू लागले की छोटे कण विरघळून मोठ्या कणांना चिकटतात. अर्धवट वितळून परत गोठवलेली कुल्फी रवाळ लागते, ती याच कारणाने. कुल्फीत तो रवा जिभेला लागतो, शुक्राणूत तो पातळ पापुद्र्याला भोके पाडतो. उणे ८० अंशांपर्यंत गेलेली कांडी परत नायट्रोजनमध्ये बुडवली, तर ती पुन्हा थंडगार होते, पण झालेले नुकसान तसेच राहते.

कांडी गरम व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडची कांडी असते ०.२५ मिलिलिटरची. जाडी दोन मिलिमीटर, लांबी तेरा सेंटिमीटरच्या वर. एवढ्या बारीक नळीला तापायला काही सेकंद पुरतात. शिवाय जारची मान स्वतःच तापमानाची उतरंड आहे. नायट्रोजन अर्ध्याहून जास्त भरलेला असला तरी तोंडाशी तापमान शून्याच्या आसपास किंवा वर असते, दोन इंच खाली साधारण उणे ४०, चार इंच खाली उणे १२० च्या घरात. जारप्रमाणे आकडे इकडेतिकडे होतात, पण कल तोच राहतो. म्हणजे कांड्या ठेवलेले दांड्याचे भांडे, कॅनिस्टर, तोंडापर्यंत वर ओढले, तर बाहेर न काढताही कांड्यांची टोके धोक्याच्या पट्ट्यात आलेली असतात.

म्हणून कॅनिस्टर वर घ्यायचे ते त्यातल्या कांड्यांच्या पेल्याचा, म्हणजे गॉब्लेटचा, वरचा काठ तोंडाच्या दोन ते तीन इंच खाली राहील इतकेच. चिमटा आत घालून हवी ती कांडी पकडायची, आणि हे सगळे आठ सेकंदांच्या आत. तेवढ्यात कांडी सापडली नाही, तर कॅनिस्टर पुन्हा पूर्ण खाली सोडायचे, निदान अर्धा मिनिट थांबायचे आणि मग पुन्हा वर घ्यायचे. बोटांनी कांडी धरू नये: त्वचाही भाजते आणि शेजारच्या कांड्यांनाही ऊब लागते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका कॅनिस्टरमध्ये ४० कांड्या आहेत: काही पंढरपुरी, काही मुऱ्हा, काही जर्सी, सगळ्या एकत्र. कृत्रिम रेतन करणारा माणूस मेहनती आहे, पण नोंदवही नाही. प्रत्येक वेळी तो कॅनिस्टर तोंडाबाहेर काढतो, चष्मा लावून कांडीवरचा वळूचा नंबर वाचतो, आणि वीसेक सेकंदांनी परत आत सोडतो. पहिली कांडी काढली तेव्हा तिला एकदाच हवा लागली. चाळिसावी कांडी वापरली जाईपर्यंत ती आधीच ३९ वेळा हवा खाऊन आलेली असते. प्रत्येक खेपेला थोडे शुक्राणू जातात. प्रमाण मानकानुसार एका कांडीत दोन कोटी शुक्राणू असतात आणि वितळवल्यावर त्यातले निदान पन्नास टक्के पुढे पोहणारे हवेत, म्हणजे एक कोटी. त्या एक कोटीतून प्रत्येक खेपेची तूट वजा होत जाते.

याचे लक्षण पाहण्यासारखे आहे. त्याच वळूच्या, त्याच तारखेच्या कांड्या सुरुवातीला नीट फळतात आणि बॅच संपत येते तशा म्हशी उलटू लागतात. वळू वाईट असता, तर पहिल्या कांडीपासूनच उलटल्या असत्या. तक्रार उत्तरार्धात वाढत असेल, तर संशय आधी हाताळणीवर घ्यावा. मात्र हे दिसायला प्रत्येक रेतनासमोर कॅनिस्टरचा क्रमांक आणि कांडीचा नंबर लिहिलेला हवा. या नोंदवहीचा दुसराही उपयोग होतो: कोणती कांडी कोणत्या कॅनिस्टरमध्ये, कोणत्या रंगाच्या गॉब्लेटमध्ये आहे हे आधीच माहीत असेल, तर शोधाशोध संपते आणि आठ सेकंद भरपूर होतात. माझ्या मते स्वस्तातला सर्वांत चांगला उपाय हाच आहे. खात्री करायची असेल, तर त्या कॅनिस्टरमधल्या दोन-तीन आणि दुसऱ्या कॅनिस्टरमधल्या दोन-तीन कांड्या एकाच वेळी वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली गरम काचपट्टीवर पाहाव्यात. दोन्हींतला फरक तिथे लगेच दिसतो.

जारचेही थोडे ऐकले पाहिजे. आत दोन भिंती आणि त्यांच्यामधे निर्वात पोकळी, हाच त्याचा सगळा गुण. आदळआपट झाली, खडबडीत रस्त्यावर मोटरसायकलला आडवा बांधला, की मान सैल होते किंवा पोकळी फुटते. मग बाहेरच्या भिंतीवर किंवा मानेभोवती दव धरतो, पांढरे बर्फ दिसते. तसे दिसले की कांड्या तातडीने दुसऱ्या जारमध्ये हलवाव्यात, उद्यापर्यंत थांबू नये. पातळी मोजण्यासाठी लाकडाची किंवा भरीव प्लॅस्टिकची पट्टी तळापर्यंत बुडवून काही सेकंद धरायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जितक्या उंचीवर पांढरे तुषार धरतील तितका नायट्रोजन. पोकळ नळी वापरू नये, तिच्यातून द्रव वर उसळतो. पातळी दोन इंचांवर येण्याआधी भरून घ्यायचे. एकदा जार कोरडा पडून कांड्या वर आल्या, तर वरून पुन्हा नायट्रोजन ओतल्याने त्या जिवंत होत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाष्पीभवनही वाढते, त्यामुळे हिवाळ्यातले भरण्याचे वेळापत्रक मे महिन्यात चालत नाही.

बुच घट्ट ठोकून बसवू नये, वायूला वाट हवीच. एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. म्हणूनच काचा बंद केलेल्या जीपमधून सोलापूरहून करमाळ्यापर्यंत जार नेणे धोक्याचे आहे. वास येत नाही, रंग दिसत नाही, फक्त ऑक्सिजन कमी होत जातो. ओतताना डोळ्यांवर चष्मा, हातात सैल मोजे, पायात बंद बूट. घट्ट मोज्यात थेंब शिरला, तर तो बाहेर पडत नाही.

कांडी बाहेर आली, की उलटा नियम लागू होतो: आता ऊब झटपट द्यायची. थर्मासमधले पाणी थर्मामीटरने ३७ अंश आहे ना ते पाहून कांडी थेट त्यात सोडायची, ३० सेकंद. सावकाश वितळवले, म्हणजे हातात चोळले, खिशात ठेवले, हौदातल्या पाण्यात बुडवले, तर कांडी त्याच उणे १३० ते उणे ८० च्या पट्ट्यातून हळूहळू जाते आणि बर्फाच्या कणांना वाढायला अवकाश मिळतो. ऊन पाण्यात थेट बुडवली, तर कांडीच्या आतला भाग काही क्षणांत ४५ अंशांच्या वर जाऊ शकतो आणि तिथे प्रथिनेच बिघडतात. बोट बुडवून ३७ अंशांचा अंदाज येत नाही. हिवाळ्यात थंडीने बधिर झालेल्या बोटाला ३० अंशांचे पाणीही ऊन लागते. एका वेळी एक किंवा दोनच कांड्या वितळवाव्यात. जास्त टाकल्या, तर पाणी थंडावते आणि शेवटची कांडी म्हशीत जाईपर्यंत वेळही निघून जातो.

बाहेर काढलेली कांडी कोरडी पुसणे, ही सर्वांत जास्त हुकणारी पायरी आहे. कात्रीच्या टोकाला किंवा कांडीवर पाण्याचा एक थेंब राहिला आणि कापताना तो रेतात मिसळला, तर पाणी शुक्राणूत शिरते, पेशी फुगते, शेपटी वळते आणि पोहणे थांबते. पुसल्यावर प्रयोगशाळेत बंद केलेले टोक काटकोनात कापायचे, कापसाच्या बुचाचे टोक रेत सोडायच्या गनच्या दट्ट्याकडे ठेवायचे, वरून प्लॅस्टिकचे आवरण म्हणजे शीथ चढवायची. तिरकी कापली, तर शीथमध्ये रेत मागे गळते. कापण्याआधी बुच बाहेर उडालेले दिसले किंवा कांडीतून फट्ट असा आवाज आला, तर बंद करण्यातच दोष होता, नायट्रोजन आत शिरला होता. ती कांडी टाकून द्यावी.

उरला गनचा प्रश्न. रात्री माजावर आलेल्या म्हशीला पहाटे भरवायचे असेल आणि डिसेंबर असेल, तर थंड स्टीलची गन ३७ अंशांच्या रेताला एकदम २० च्या खाली ओढते. मे महिन्यात मोटरसायकलच्या सीटवर उन्हात पडलेली गन उलट भाजून काढते. दोन्ही वेळी इलाज एकच: गन हातात चोळून कोमट करायची, भरल्यावर स्वच्छ टॉवेलात गुंडाळून अंगाशी धरायची, थेट ऊन लागू द्यायचे नाही. म्हैस आधी खोड्यात बांधून, मागचा भाग धुऊन, पुसून तयार असावी आणि मगच कांडी वितळवावी. पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा असतो. कांडी आधी वितळते आणि मग म्हैस धरायला पोरगा शेतात धावतो. कांडी वितळल्यापासून दहा मिनिटांच्या आत रेत गर्भाशयमुखाच्या पलीकडे, गर्भाशयाच्या काठाशी सावकाश सोडलेले असावे. पंधरा मिनिटे झाली आणि म्हैस अजून हाती आली नसेल, तर ती कांडी परत जारमध्ये ठेवू नये आणि भरूही नये. दुसरी काढावी.