ब्लफ (पत्त्यांचा खेळ)

ब्लफ : हातातील पत्ते पालथे टाकून ते अमुक किमतीचे आहेत असे खरे वा खोटे सांगायचे आणि इतर भिडूंनी ते मानायचे किंवा ‘उघड’ म्हणून आव्हान द्यायचे, अशा रीतीचा खेळ. तो चॅलेंज या नावानेही ओळखला जातो. खोटे पकडले गेल्यास टाकणाऱ्याला आणि पत्ते खरे निघाल्यास आव्हान देणाऱ्याला खालचा सगळा ढीग उचलावा लागतो; ज्याचा हात प्रथम रिकामा होतो तो जिंकतो. सोलापुरात उन्हाळ्याच्या सुट्टीत ऊन उतरल्यावर गच्चीत किंवा वाड्याच्या ओसरीवर बसणारे डाव बहुतांशी याच प्रकारचे असतात. मराठी, कन्नड व तेलुगू बोलणाऱ्या या शहरात ‘खोटं’, ‘सुळ्ळु’ किंवा ‘अबद्धम्’ यांपैकी जो शब्द घरात चालतो, तो आव्हानालाही चालतो.

उत्पत्तीबाबत एकवाक्यता नाही. ‘ब्लफ’ हा इंग्रजी शब्द बढाई मारणे किंवा गोंधळवून टाकणे अशा अर्थाच्या डच शब्दापासून आला असावा, असे सामान्यतः मानतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोकरलाच ‘ब्लफ’ म्हणत. त्यामुळे जुन्या इंग्रजी लेखनात हे नाव आढळले, तरी तेथे प्रस्तुत खेळच अभिप्रेत आहे असे समजणे धोक्याचे ठरते. प्रस्तुत खेळाला इंग्रजीत ‘चीट’ किंवा ‘आय डाउट इट’ म्हणतात. त्यात किंमत दर पाळीला एकेका पायरीने चढते : पहिल्याने एक्का म्हटले की दुसऱ्याने दुर्री म्हटलेच पाहिजे. ‘वेरिश ने वेरिश’ या रशियन खेळात मात्र पहिल्याने सांगितलेली किंमतच पुढे चालते, आणि भारतात ब्लफ म्हणून खेळला जाणारा प्रकार याच्याशी अधिक जुळतो. एवढ्यावरून तो रशियातून आला असे म्हणता येत नाही; दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तीच सोय सुचणे अशक्य नाही. खेळाचे मूळ गंजीफात शोधण्याचा मोह होतो, कारण हिंदुस्थानात गंजीफा निदान 1527 पासून परिचित होता. त्या वर्षी बाबराने सिंधमध्ये गंजीफाचा संच पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. परंतु गंजीफा हा दस्त जिंकण्याचा खेळ असून त्यात पत्ते उताणे खेळले जातात. खोटे बोलण्याला तेथे जागाच नाही. एका किमतीचे नेमके चार पत्ते असणारा 52 पानांचा कॅट आणि खेळाची दोन्ही इंग्रजी नावे पाहता, हा खेळ इंग्रजी पत्त्यांबरोबर किंवा त्यांच्यानंतर आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आव्हान केव्हा द्यावे, याचा विचार चढत्या किमतीच्या प्रकारात सर्वांत स्पष्टपणे करता येतो, कारण त्यात खोटे बोलणे पुष्कळदा सक्तीचे असते. चार भिडूंना तेरा-तेरा पत्ते वाटले आहेत आणि एखाद्या भिडूवर सत्ती म्हणण्याची पाळी आली आहे, असे समजू. आपल्या हातात एकही सत्ती नसेल, तर त्याच्याकडे ती मुळीच नसण्याची शक्यता सुमारे 18 टक्के असते. आपल्याकडे एक असल्यास ती 28, दोन असल्यास 44 आणि तीन असल्यास 67 टक्के होते. चारही आपल्याकडे असतील तर प्रश्नच उरत नाही. येथे ‘आपल्याकडे’ म्हणजे केवळ हातात नव्हे. दुसऱ्याच किमतीच्या नावाखाली आपण ढिगात पुरलेल्या सत्त्याही मोजाव्या लागतात, आणि नवशिके नेमके हेच विसरतात.

यावरून शंका निम्म्याहून अधिक झाली की आव्हान द्यावे, असे वाटेल. पण चौघांच्या डावात ते पुरेसे नाही. ढिगात बारा पत्ते आहेत असे धरू. आव्हान चुकले तर बाराच्या बारा पत्ते एकट्या आपल्या हातात येतात. ते बरोबर ठरले तर मागे पडतो तो फक्त एक भिडू, आणि उरलेल्या दोघांना जोखीम न घेता आपल्याइतकाच लाभ होतो. तीन प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीने पाहिले तर आपली आघाडी चारच पत्त्यांनी वाढते. म्हणजे एका चुकीची भरपाई व्हायला तीन बरोबर आव्हाने लागतात, आणि खोटेपणाची शक्यता 75 टक्क्यांहून जास्त असल्याशिवाय आव्हान परवडत नाही. तिघांत हीच सीमा 67 टक्क्यांवर येते आणि दोघांत 50 वर. ढीग बारा पत्त्यांचा असो वा तीसचा, सीमा बदलत नाही. मोठ्या ढिगाने फक्त धाकधूक वाढते.

एकापेक्षा अधिक पत्ते टाकले गेले की हिशेब फसवा होतो. आपल्या हातात दोन सत्त्या आहेत आणि आधीच्या भिडूने दोन पत्ते पालथे ठेवून ‘दोन सत्त्या’ म्हटले. अशा हजार वाटण्यांत उरलेल्या दोन्ही सत्त्या त्याच्याकडे सुमारे 105 वेळा, एकच सत्ती 456 वेळा आणि एकही नाही असे 439 वेळा घडेल. म्हणून तो 90 टक्के खोटा आहे असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा असतो. ज्याच्याकडे खरोखर दोन आहेत तो त्या दोन्ही टाकतोच, असे धरायला हरकत नाही; खोटे बोलणाऱ्याला मात्र एकच पत्ता टाकण्याची मोकळीक असते आणि बहुतेकदा तो तेच करतो. हातात एकही सत्ती नसलेला भिडू चारांतून एकदा दोनाची थाप मारतो आणि एक सत्ती असलेला दहांतून एकदा तिच्याबरोबर दुसरा पत्ता दडपतो, असे मानल्यास खोटी दोनाची विधाने 110 आणि 46 मिळून 156 होतात, तर खरी 105. म्हणजे खोटेपणाची शक्यता 60 टक्क्यांच्या आसपास येते आणि गप्प बसणे योग्य ठरते. तोच भिडू दर दुसऱ्या थापेत दोन पत्ते टाकणारा असेल, तर ती 72 टक्क्यांपर्यंत चढते व निर्णय काठावर येतो. समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याची ही सवय लक्षात ठेवणे अधिक उपयोगी पडते.

पाळ्यांचा क्रम ही आणखी एक खूण आहे. चौघांत दर फेरीला किंमत चारांनी पुढे सरकते. म्हणून एक्क्याने सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला पुढे पंजी, नव्वी, राजा, चौकी, अठ्ठी, राणी, तिर्री, सत्ती, गुलाम, दुर्री, छक्की आणि शेवटी दश्शी येते. जाणता भिडू थाप मारताना शेवटच्या पाळीचे पत्ते, म्हणजे छक्की-दश्शी, आधी घालवतो. ढीग उचलणाऱ्याने तो नीट वाचला तर कोण असा विचार करून खेळतो, हे कळते. वरचे आकडे मात्र पहिल्या फेरीपुरतेच खरे असतात. ढीग एकदा कोणाच्या हातात गेला की त्याच्याजवळ इतरांना नसलेली माहिती जमते.

एकच किंमत पुढे चालणाऱ्या प्रकारात पास म्हणता येते, त्यामुळे सक्तीचे खोटे फक्त शेवटी-शेवटी उद्भवते. तेथे बोललेल्या पत्त्यांची बेरीज करावी. ती चारांच्या पुढे गेली की कोणीतरी खोटे बोलले हे निश्चित होते, परंतु आव्हान शेवटच्या टाकणाऱ्यालाच देता येते आणि तो खरा असू शकतो.

शेवटच्या पत्त्याला यांतली कोणतीही सीमा लागू नाही. विधान खरे असेल तर तो भिडू तसाही सुटला, म्हणून पहिल्या विजयापाशी डाव थांबत असेल तेथे हा पत्ता न विचारता उघडतात. सर्वांत मागे कोण राहतो हे ठरेपर्यंत खेळ चालणार असेल, तर मात्र प्रत्येक जण शेजाऱ्याने उघडावा याची वाट पाहतो आणि तेवढ्यात एखादी थाप खपून जाते.