गोळाफेक : नवशिक्यांचे सुरक्षित अध्यापन

गोळ्याची पकड, फेकीच्या अवस्था आणि मैदानावरील हुकूम एकत्र शिकविण्याची क्रमबद्ध रीत. स्पर्धेत २.१३५ मी. व्यासाच्या वर्तुळातून एका वेळी एकच खेळाडू फेकतो. वर्गात मात्र ओळीने अनेक मुले फेकतात, त्यामुळे तेथे फक्त स्पर्धेचे नियम पुरत नाहीत.

प्रगत खेळाडूंच्या दोन शैली प्रचलित आहेत. पाठमोरे उभे राहून सरकत फेकण्याची शैली १९५० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या पॅरी ओब्रायन याच्यामुळे रूढ झाली. गिरकीच्या शैलीचे श्रेय सोव्हिएत संघाचा अलेक्सांद्र बारिश्निकोव्ह आणि अमेरिकेचा ब्रायन ओल्डफील्ड यांपैकी कोणाला द्यावे, याविषयी मतभेद आहेत. दोघांनीही ती १९७० च्या दशकात वापरली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती प्रथम ठसविण्याचा मान बारिश्निकोव्हला देणे अधिक सयुक्तिक वाटते. नवशिक्यांना यांपैकी कोणतीही शैली आरंभी शिकवू नये. गिरकीत गोळा किंचित आधी वा उशिरा सुटला, तरी तो बाजूला जातो.

आरंभ मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी छातीपासून ढकलण्याने करतात. नंतर हलका गोळा घेऊन समोर तोंड करून उभ्याने फेक, मग बाजूने उभे राहून फेक, आणि शेवटी एक पाऊल सरकून फेक. क्रिकेटची सवय असलेली मुले कोपर खाली पाडून गोळा चेंडूसारखा भिरकावतात. त्याने कोपराला इजा होते. याची परीक्षा सोपी आहे. गोळ्याला खडूची पूड चोळावी. फेकीनंतर पूड मानेवर व बोटांच्या मुळाशी दिसावी आणि तळवा कोरडा, स्वच्छ असावा. मानेवर पूड नसेल तर गोळा फेकीआधीच मानेपासून सुटलेला असतो. अशा मुलाला मागच्या अवस्थेत न्यावे.

समजा, २४ मुले व ६ गोळे आहेत. सहा जण किमान ३ मी. अंतराने एका रेषेवर उभे राहतात. बाकीचे ५ मी. मागच्या रेषेपलीकडे थांबतात. उजव्या हाताने फेकणाऱ्यांची तोंडे शिक्षकाकडे येतात, म्हणून शिक्षक ओळीच्या उजव्या टोकाला, किंचित मागे उभा राहतो. डावखुऱ्यांची तुकडी वेगळी काढून शिक्षकाने डावे टोक धरावे.

हुकूम क्रमाने असे : ‘जागा घ्या’, ‘गोळा मानेला’, ‘फेका’, ‘गोळे आणा’. शेवटचा गोळा लोळायचा थांबेपर्यंत चौथा हुकूम देत नाहीत. मुरमाच्या कडक मैदानावर गोळा बराच लांब जातो. गोळे हातात धरून चालत परत आणायचे, फेकून किंवा लोळवून नव्हे. ‘थांबा’ हा शब्द फक्त धोक्यासाठी राखून ठेवावा. तो ऐकताच न फेकलेला गोळा पायांपुढे जमिनीवर ठेवायचा असतो. काही प्रशिक्षक शिट्टी पसंत करतात. परंतु शाळेच्या मैदानावर शेजारीच खो-खो वा कबड्डी चालू असेल, तर दुसऱ्याची शिट्टी आपली समजून मूल पुढे जाऊ शकते. तेथे आवाजी हुकूमच इष्ट होय.