‘काळी जादू’ आणि ‘काला जादू’: एकच शब्द, लिंग वेगळं

एक साधं हिंदी वाक्य घ्या: «मेरी आवाज़ सुनकर वह व्यक्ति रुका, और फिर बहुत मज़ा आया।» यातले आवाज, व्यक्ती आणि मजा हे तिन्ही शब्द मराठीत जसेच्या तसे आहेत, म्हणून भाषांतर सोपं वाटतं. पण घाईत केलेलं भाषांतर असं उतरतं: ‘माझी आवाज ऐकून तो व्यक्ती थांबला आणि मग खूप मजा आला.’ शब्द सगळे मराठी, तरी वाक्य कानाला खटकतं. खरं वाक्य असं: ‘माझा आवाज ऐकून ती व्यक्ती थांबली आणि मग खूप मजा आली.’ तिन्ही ठिकाणी लिंग उलटं झालं. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, तर व्यक्ती आणि मजा पुल्लिंगी. मराठीत नेमकं याच्या विरुद्ध.

चूक नामापुरती राहत नाही. लिंगाचा शिक्का बऱ्याच नामांवर दिसत नाही. तो उमटतो आजूबाजूच्या शब्दांवर, म्हणजे माझा-माझी, तो-ती, आला-आली यांच्यावर. त्यामुळे एका नामाचं लिंग चुकलं की विशेषण, सर्वनाम आणि क्रियापद असे तीन-चार शब्द एकदम बिघडतात.

हे वेगळेपण आलं कुठून? आवाज, मजा, सफर, शिकार, जादू हे शब्द फारसीतून किंवा फारसीमार्गे अरबीतून आले. फारसीत नामाला व्याकरणिक लिंगच नाही, त्यामुळे हे शब्द लिंगाविना आपल्या दारात आले आणि प्रत्येक भाषेनं आपल्या मनानं त्यांना लिंग दिलं. हिंदीत ‘लंबा सफ़र’ आणि ‘शिकार किया’, मराठीत ‘जंगलाची सफर’ आणि ‘शिकार केली’. ‘किताब’ची तर गंमतच आहे. हिंदीत तो ग्रंथ, स्त्रीलिंगी. मराठीत पदवी किंवा बहुमान, पुल्लिंगी. पैलवानानं किताब पटकावला म्हणतो, पटकावली म्हणत नाही.

संस्कृतातून आलेल्या शब्दांची कहाणी निराळी. तिथं लिंग आधीच ठरलेलं होतं आणि मराठीनं ते बहुतेक जपलं. मृत्यू, वायू, अग्नी, ऋतू, ध्वनी, विधी, निधी, धातू, आत्मा हे संस्कृतात पुल्लिंगी आणि मराठीतही पुल्लिंगी. हिंदीत मात्र ‘मृत्यु हुई’, ‘निधि मिली’, ‘आत्मा रोई’. यामागं दोन ओढी दिसतात. एक शेवटच्या अक्षराची: हिंदीत ‘इ’नं संपणारे निर्जीव वस्तूंचे शब्द जवळपास सगळे स्त्रीलिंगी आहेत, त्यात ध्वनि आणि विधि सहज ओढले गेले. दुसरी ओढ समानार्थी शब्दाची. मौत, हवा, आग, रूह हे बोलीतले शब्द स्त्रीलिंगी, म्हणून त्यांच्या जागी येणारे मृत्यु, वायु, अग्नि, आत्माही तसेच वापरात आले. पुस्तकाचंही तेच. संस्कृतात आणि मराठीत नपुंसकलिंगी असलेलं पुस्तक हिंदीत ‘किताब’च्या संगतीनं स्त्रीलिंगी झालं.

‘व्यक्ती’ मात्र उलट दिशेनं गेली. संस्कृतात हा शब्द स्त्रीलिंगी, मूळ अर्थ ‘व्यक्त होणं, प्रकट होणं’. हिंदीत तो ‘माणूस’ या अर्थी रुळला आणि पुल्लिंगी झाला. मराठीत अर्थ तोच घेतला, पण लिंग जुनंच ठेवलं. म्हणून बातमीत ज्याला अपघात झाला तो पुरुष असला तरी ‘दुचाकीवरील व्यक्ती जखमी झाली’ हेच बरोबर. पुढच्या वाक्यात नाव आलं, किंवा ‘तरुण’, ‘गृहस्थ’ असा शब्द आला, की तिथपासून ‘तो’ सुरू करावा. एकाच वाक्यात ‘ती व्यक्ती’ आणि ‘पळाला’ यांची मोट बांधू नये.

आता लिंग ओळखायचं कसं? मराठी माणसाला बहुतेक शब्दांचं उत्तर आधीच माहीत असतं, फक्त ते विचारायची युक्ती हवी. शब्दाला ‘त’ किंवा ‘ला’ लावून बघा, म्हणजे सामान्यरूप करा. ‘आ’नं संपणारा शब्द पुल्लिंगी असेल तर बहुधा ‘या’ येतो आणि स्त्रीलिंगी असेल तर ‘ए’. वाडा-वाड्यात, शाळा-शाळेत. या मापानं ‘मजा’ मोजा. आपण ‘मजेत’ म्हणतो, ‘मज्यात’ कधीच म्हणत नाही, म्हणजे स्त्रीलिंगी. ‘आत्म्याला शांती लाभो’ असं लिहिणारा ‘आत्मेला’ लिहीत नाही, म्हणजे पुल्लिंगी. ‘देवतेला’ म्हणतो, म्हणजे देवता स्त्रीलिंगी. हिंदीत ‘देवता आए’ असतं ते सोडून द्यायचं.

व्यंजनान्त वाटणाऱ्या, म्हणजे अकारान्त शब्दांतही हे माप चालतं. आवाजात, पतंगाला, छताला, दुकानात इथं ‘आ’ आला, म्हणजे स्त्रीलिंगी नक्कीच नाही. बागेत, सफरीवर, शिकारीला, चैनीत इथं ‘ए’ किंवा ‘ई’ आली, म्हणजे स्त्रीलिंगी. हिंदीत पतंग, छत, दुकान स्त्रीलिंगी आणि बाग, चैन पुल्लिंगी, पण आपला कान तिकडे फिरकत नाही.

‘आ’ आल्यावर पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हे अजून कळलेलं नसतं. त्यासाठी अनेकवचन करून बघावं. पुल्लिंगी अकारान्त शब्द बदलत नाही: एक आवाज, चार आवाज, एक पतंग, दहा पतंग. नपुंसकलिंगी बदलतो: एक दुकान, चार दुकानं, एक पुस्तक, दहा पुस्तकं. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे हिंदी वळणानं लिहिणाऱ्याकडून ‘नवी दुकान उघडली’ किंवा ‘माझी नाक’ अशा चुका जास्त होतात. एक सूचना: ‘पुस्तक येते’ आणि ‘मुलगी येते’ यांत क्रियापद लिहिताना सारखंच दिसतं, म्हणून परीक्षा वर्तमानकाळी क्रियापदावर न करता विशेषणावर करावी: नवं पुस्तक, नवी मुलगी.

ही दोन्ही मापं जिथं थकतात ती जागा म्हणजे ‘ई’ आणि ‘ऊ’नं संपणारे बरेच शब्द. ध्वनीला, व्यक्तीला, जादूला, मृत्यूला: सामान्यरूप काहीच सांगत नाही आणि अनेकवचनही बहुधा तसंच राहतं. सर्वांत जास्त चुका इथंच सापडतात. ‘-ती’नं संपणारी भाववाचक संस्कृत नामं, जसं गती, शक्ती, वृत्ती, कृती, स्त्रीलिंगी असतात आणि व्यक्ती याच घरातली. विधी, निधी पुल्लिंगी, पण त्यांच्याच ओळीतली समाधी मराठीत स्त्रीलिंगी झाली, त्यामुळे शेवटच्या अक्षरावर भिस्त ठेवता येत नाही. अशा वेळी तोंडी बसलेला शब्दसमूह आठवावा: ‘काळी जादू’, ‘विधी पार पडला’, ‘निधी मंजूर झाला’, ‘अकाली मृत्यू ओढवला’.

तरी शंका उरलीच तर कोश उघडावा. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही नामापुढे लिंग देतात; दुसऱ्यात पु., स्त्री., न. अशा खुणा असतात. काही शब्दांना कोशात किंवा वापरात एकाहून जास्त लिंगं आढळतील. ‘बर्फ पडला’ आणि ‘बर्फ पडलं’ दोन्ही बोललं जातं. एका लेखात मात्र एकच धरावं. ‘गंध’ दरवळतो तेव्हा पुल्लिंगी आणि कपाळी लावतो ते गंध नपुंसकलिंगी, तिथं लिंगच अर्थ सांगतं. हिंदीतली ‘गंध आई’ या दोहोंपैकी एकातही बसत नाही.