गाय पान्हा चोरते तेव्हा

धार काढायला बसल्याबरोबर जे दूध हाती लागते ते कासेच्या खालच्या पोकळीतले, साधारण पाचवा हिस्सा. बाकीचे वर बारीक दूधपिशव्यांत अडकलेले असते. सडांना स्पर्श झाला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, त्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध खाली येते. यालाच आपण पान्हा म्हणतो. याला एक-दीड मिनिट लागते आणि संप्रेरकाचा जोर काही मिनिटांतच ओसरतो. गाय घाबरली किंवा तिला दुखले की अॅड्रेनॅलिन वाढते आणि पान्हा अडतो.

वासरू दगावले, धार काढणारा बदलला, की काही गोठ्यांत सरळ ऑक्सिटोसिनची सुई टोचली जाते. दूध लगेच येते, म्हणून सवय लागते. पण या डोसात संप्रेरकाचे प्रमाण नैसर्गिक पान्ह्याच्या कितीतरी पट असते. रोज असा मारा झाला की त्या पेशी गाईच्या स्वतःच्या थोड्या ऑक्सिटोसिनला दाद देईनाशा होतात आणि मग सुईशिवाय कास रिकामी होत नाही. हेच संप्रेरक गर्भाशयही आकसवते, त्यामुळे गाभण गाईत धोका वाढतो. लेबल नसलेल्या बाटलीत औषध किती आहे हे कळत नाही, आणि एकच सुई सगळ्या जनावरांना वापरली तर गळू आणि संसर्ग पसरतात. दूध पिणाऱ्याला धोका असल्याचा बराच बोभाटा होतो, पण हे प्रथिनासारखे संप्रेरक पोटात पचून जाते. खरी झळ गाईला बसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम १२ दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणे हा गुन्हा ठरवते.

समजा, वासरू गेलेली गाय आहे. धारेची वेळ, जागा आणि माणूस बदलू नका. आधी गव्हाणीत खुराक टाका. कोमट पाण्याने सड धुऊन कोरडे करा, प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून गाठी दिसतात का पाहा, आणि सड हलक्या हाताने चोळत राहा. हे सगळे अर्धा-एक मिनिट चालते. मग थोडे थांबा. सड फुगून ताठ झाले की पान्हा आला. आता पूर्ण मुठीने, अंगठा न दुमडता, पाच ते सात मिनिटांत धार संपवा. म्हशीच्या कासेच्या पोकळीत दूध आणखी कमी असते, तिला जास्त वेळ द्यावा लागतो.

पान्हा अर्धवट राहिल्याची खूण फॅटमध्ये दिसते. शेवटच्या धारा सर्वात स्निग्ध असतात, त्या कासेतच राहिल्या की डेअरीत फॅट अचानक घसरते. मात्र एखादाच सड गरम, सुजलेला असेल तर तो दगडीचा आजार असू शकतो. तिथे चोळून पान्हा येणार नाही, पशुवैद्य बोलवावा. सुईची सवय लागलेल्या गाईचा डोस त्याच्याच देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करायचा असतो. सुरुवातीला दूध घटते, तेव्हा मालकाचा हात पुन्हा सुईकडे जातो.