दोन रेघा, एक बिंदू आणि थोडी जाड पेन्सिल

एक वस्तू ५०ला विकली जाते. ती बनवायला प्रत्येकी ३० लागतात. शिवाय माल बनो न बनो, भाडे-पगारापोटी ६०,००० जातातच. चलन कोणतेही धरा.

किती नग विकले की तोटा संपतो, ते आलेखावर पाहू. आडव्या अक्षावर नग घ्या, शून्यापासून ५,०००पर्यंत, आणि उभ्या अक्षावर रक्कम. विक्रीची रेघ शून्यातून निघून ५,००० नगांना २,५०,०००वर पोचते. एकूण खर्चाची रेघ मात्र ६०,०००पासून सुरू होते आणि २,१०,०००वर संपते. घाईत तीही शून्यातून काढली जाते. मग दोन्ही रेघा फक्त शून्यापाशी भेटतात आणि पहिल्या नगापासून नफाच नफा दिसतो. असा आलेख हाती आला की चूक कुठे झाली ते लगेच ओळखावे.

रेघा बरोबर असतील तर त्या ३,००० नगांवर, म्हणजे १,५०,०००च्या विक्रीवर एकमेकींना छेदतात. हाच ब्रेक-इव्हन पॉइंट, ना नफा ना तोटा. त्याच्या डावीकडची पाचर तोट्याची, उजवीकडची नफ्याची. ताळा सोपा आहे: प्रत्येक नगामागे ५० वजा ३० म्हणजे २० उरतात, आणि ६०,०००ला २०ने भागले की ३,००० येतात.

कागदावर मात्र एक अडचण येते. दोन्ही रेघा चढत्या असल्यामुळे त्या अरुंद कोनात छेदतात. पेन्सिल जरा जाड असली की बिंदू २,९००चा की ३,१००चा, हे सांगता येत नाही. नफा वाचायचा तर दोन रेघांमधली उभी उंची मोजावी लागते, तेही कंटाळवाणे.

म्हणून मला नफा-विक्री आलेख जास्त आवडतो. इथे आडव्या अक्षावर विक्रीची रक्कम असते. उभ्या अक्षावर शून्याच्या वर नफा, खाली तोटा. रेघ एकच: शून्य विक्रीला उणे ६०,००० आणि २,५०,०००च्या विक्रीला अधिक ४०,०००. उभा पल्ला एक लाखाचाच उरतो. त्यामुळे २५ सेंटिमीटर उंचीत १ सेंटिमीटरला १०,०००ऐवजी ४,०००च बसतात आणि वाचन नेमके होते. १,५०,०००वर रेघ आडवा अक्ष ओलांडते. तिथून २,५०,०००पर्यंतचे १,००,००० म्हणजे सुरक्षिततेचे अंतर. विक्री एवढी घसरली तरी तोटा नाही.

याची खरी गंमत माहिती अपुरी असताना कळते. समजा, एवढेच ठाऊक आहे: एका वर्षी विक्री १,००,००० आणि तोटा २०,०००, दुसऱ्या वर्षी विक्री २,५०,००० आणि नफा ४०,०००. दोन बिंदू जोडा. विक्री १,५०,०००ने वाढली, नफा ६०,०००ने सुधारला. म्हणजे चढ ४० टक्के. रेघ डावीकडे वाढवली की ती उणे ६०,०००वर टेकते. भाडे-पगाराचा हा स्थिर खर्च कुणी सांगितला नव्हता, तो रेघेने सांगितला.

मात्र दोन्ही वर्षी किमती आणि स्थिर खर्च तेच असायला हवेत, आणि बनवलेला माल त्याच वर्षी विकलेला हवा. मध्येच भाडे वाढले असेल, तर ते दोन बिंदू दोन वेगळ्या रेघांवरचे असतात. ते जोडले तरी सरळ रेघच मिळते, म्हणून आलेख पाहून हा घोटाळा उमगत नाही. तिसऱ्या वर्षाचा बिंदू रेघेबाहेर पडला की उमगतो.