शाळासिद्धी (शाळेचे स्वयंमूल्यमापन)

भारतातील शाळांनी आपल्या संपूर्ण कारभाराचे ठरावीक मानकांवर स्वतःच मूल्यमापन करावे, यासाठी आखलेला राष्ट्रीय कार्यक्रम. नवी दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठाने (आताची राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था) तो तयार केला आणि नोव्हेंबर 2015 मध्ये तो सुरू झाला. महाराष्ट्रात 2016 पासून ‘समृद्ध शाळा’ या नावाची जोड देऊन तो राबवण्यात आला. तपासनीस वर्षातून एकदा येणार आणि शेरेबुक भरून जाणार, ही जुनी शाळा तपासणी. इथे पहिला निवाडा मुख्याध्यापक आणि शिक्षकांनी करायचा असतो. बाहेरचे मूल्यमापक, म्हणजे महाराष्ट्रातले ‘निर्धारक’, त्यानंतर येऊन तो पडताळतात.

आराखड्यात सात क्षेत्रे आणि 46 गाभा मानके आहेत. सामर्थ्यस्रोत (इमारत, पाणी, स्वच्छतागृह, ग्रंथालय वगैरे) या पहिल्याच क्षेत्रात 12 मानके येतात, तर अध्ययन-अध्यापन व मूल्यमापनात 9. विद्यार्थ्यांची प्रगती व संपादणूक, शिक्षकांची कामगिरी व व्यावसायिक विकास, शालेय नेतृत्व, समावेशन-आरोग्य-सुरक्षितता आणि समाजाचा सहभाग ही उरलेली क्षेत्रे. प्रत्येक मानकाला तीन स्तर आहेत आणि प्रत्येक स्तराचे वर्णन लिहून दिलेले आहे. शाळेने त्यातले आपल्याला लागू पडणारे वर्णन निवडायचे आणि त्याच्यासमोर पुरावा लिहायचा. शिवाय त्या मानकावर सुधारणेची निकड कमी, मध्यम की जास्त, हेही नोंदवायचे. शाळेच्या यू-डायस क्रमांकाने संकेतस्थळावर लॉगिन करून ही माहिती भरली जाते.

पहिल्या क्षेत्राची रचना मुद्दाम वेगळी आहे. तिथे प्रत्येक मानकावर दोनदा निर्णय द्यावा लागतो : एकदा उपलब्धता व पर्याप्ततेचा, दुसऱ्यांदा गुणवत्ता व उपयुक्ततेचा. ग्रंथालय असणे आणि त्यातली पुस्तके मुलांच्या हातात जाणे, हे एकाच रकान्यात झाकले जाऊ नये म्हणून. चारशे पुस्तके कुलूपबंद कपाटात असलेली शाळा पहिल्या निकषावर वर आणि दुसऱ्यावर तळाशी दिसते. देवघेव रजिस्टरवरच्या तारखा पाहिल्या की हे लगेच कळते. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच दिवशी केल्यासारख्या असतील तर अधिक विचारायला नको.

स्तरांची चढण साधारण एकाच तऱ्हेची असते. खालच्या स्तरावर सोय किंवा नोंद असते. मधल्या स्तरावर तिच्यावर नियमित काम होते. वरच्या स्तरावर शाळा त्या कामाचा परिणाम पाहून पद्धत बदलते. विद्यार्थी उपस्थितीचे मानक घेऊन हे नीट समजते. मराठवाड्यातील एखाद्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेची कल्पना करू. पहिली ते चौथी, 38 मुले. हजेरीपट रोज भरला जातो, तेव्हा पहिला स्तर पक्का. गैरहजर मुलाच्या घरी निरोप जातो, शिक्षक पालकांना भेटतात, म्हणून दुसराही म्हणता येईल. पण दिवाळीनंतर सात मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. दरवर्षी हे घडते आणि दरवर्षी शाळा त्यांची ‘स्थलांतरित’ अशी नोंद करते. या शाळेने तिसरा स्तर लिहिणे चूक ठरेल. हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव झाला, आजीआजोबांकडे कोणती मुले राहू शकतील याची यादी ऑक्टोबरातच झाली, परतलेल्या मुलांसाठी वेगळा तास ठेवला आणि त्यामुळे किती मुले गावात राहिली हे पाहिले, तर तो स्तर खरा. स्तर दोन आणि निकड ‘जास्त’, ही या शाळेची प्रामाणिक नोंद होईल. सुधारणा आराखड्यात मग काम, जबाबदार व्यक्ती आणि मुदत आपोआप सुचतात.

कागदावर लिहिलेले कितपत खरे, हे ओळखण्याची हुकमी रीत म्हणजे क्षेत्रे एकमेकांशी ताडून पाहणे. याच शाळेने ‘विद्यार्थ्यांचे मूल्यमापन’ या मानकावर तिसरा स्तर लिहिला आणि संकलित मूल्यमापनात तिसरीच्या सगळ्या नऊ मुलांना वरच्या श्रेणी दिल्या, असे धरू. निर्धारकाने पाठ्यपुस्तकाबाहेरचा परिच्छेद वाचायला दिल्यावर चार मुले अडखळली, तर संपादणुकीची नोंद आणि मूल्यमापनाचा स्तर दोन्ही एकदमच कोसळतात. श्रेणी फुगलेल्या असतील, तर शिक्षक मुलांच्या चुकांवरून अध्यापन बदलतात हा दावा टिकणार कसा? उलटही घडते. निकाल साधारण पण चाचणीच्या वहीत प्रत्येक मुलाची चूक टिपलेली, अशी शाळा आकड्यांत मागे आणि कामात पुढे असू शकते.

सुरक्षिततेची मानके सर्वांत फसवी, कारण पुरावे सहज गोळा होतात. भौतिक सुरक्षिततेसाठी अग्निशामक नळकांडे आणि भिंतीवरचे दूरध्वनी क्रमांक पुरतात, असे बऱ्याच शाळांना वाटते. नळकांड्याची मुदत कधी संपली, हे कोणी पाहत नाही. मानसिक सुरक्षिततेचे वेगळे मानक आराखड्यात आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नेच मनाई आहे आणि महाराष्ट्रात 2022 पासून शाळांना सखी सावित्री समिती नेमायची आहे. पण समितीच्या फलकाचे छायाचित्र हा मुलीला समितीतल्या बाईंशी बोलता येते याचा पुरावा नव्हे. तक्रारपेटी वर्षभर रिकामी निघाली, तर बहुतेक शाळा त्याला चांगली बातमी समजतात. पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगलेली असेल, तर ती रिकामीच राहणार.

नेतृत्वाच्या क्षेत्रात केवळ चार मानके आहेत आणि तीही मुख्याध्यापक स्वतःच भरतो, हे उघड दुबळेपण आहे. द्विशिक्षकी शाळेत तर मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळणारा शिक्षक वर्गही घेतो आणि पोषण आहाराचा हिशेबही ठेवतो. ‘अध्यापनाचे नेतृत्व’ हे मानक त्याला मोठ्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाइतकेच लागू होते.

स्वयंमूल्यमापनाची खरी कसोटी महाराष्ट्रात 2017 मध्ये लागली. त्या वर्षी 23 ऑक्टोबरच्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीचा लाभ शाळासिद्धीतील ‘अ’ श्रेणीशी जोडला. स्वतःचे दोष शोधण्यासाठी भरायच्या कागदावर आता पगारवाढ अवलंबून होती, आणि दुसरा स्तर लिहिणारा मुख्याध्यापक सहकाऱ्यांच्या खिशाला हात घालत होता. शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला आणि पुढे ती अट वगळली गेली. मात्र शाळासिद्धी म्हणजे श्रेणी मिळवणे, हा समज तेव्हा शाळांमध्ये रुजला. निकडीचा रकाना त्यामुळे सर्वाधिक दुर्लक्षित राहिला. सगळीकडे ‘कमी’ लिहिलेला तक्ता निर्दोष शाळेचा नसतो. तो घाईत भरलेला असतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने राज्यांना स्वतंत्र शाळा मानक प्राधिकरण स्थापण्याची शिफारस केली. त्यानंतर महाराष्ट्राने शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखडा आणला. त्यात शाळांनी 128 मानकांवर स्वयंमूल्यांकन करून पुरावे ऑनलाइन जोडायचे असतात. मानके जवळपास तिप्पट झाली. द्विशिक्षकी शाळेतले शिक्षक दोनच राहिले.